आईच्या गोळ्यांचा तक्ता: औषधांच्या क्रमाने की वेळेच्या क्रमाने?

डॉक्टरांच्या हस्तलिखित चिठ्ठीवरून घरी तक्ता करण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत प्रत्येक ओळीत एक औषध आणि पुढे सकाळ, दुपार, रात्र असे रकाने असतात. दुसरीत प्रत्येक ओळीत दिवसाची एक वेळ आणि तिच्यासमोर त्या वेळच्या गोळ्या असतात. नौपाड्यात एकट्या राहणाऱ्या माझ्या आईसाठी मी दोन्ही करून पाहिले.

पहिला तक्ता दहा मिनिटांत होतो, कारण तो चिठ्ठीचीच स्वच्छ नक्कल असते. त्याचा दोषही तोच आहे. चिठ्ठीत थायरॉइडची गोळी १-०-०, कॅल्शियम १-०-० आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन १-०-१ असे होते. तक्त्यात तिन्ही ‘सकाळ’ या एकाच रकान्यात आल्या आणि आईने त्या चहाबरोबर एकदमच घ्यायला सुरुवात केली. वास्तविक थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहा-नाश्त्याच्या किमान अर्धा तास आधी घ्यायची असते. कॅल्शियममुळे तिचे शोषण कमी होत असल्याने या दोहोंत चार तासांचे अंतर लागते. आणि मेटफॉर्मिन मात्र खाण्याबरोबर किंवा खाल्ल्यानंतर घेतात.

वेळेच्या क्रमाचा तक्ता लिहायला बसल्यावर ‘सकाळी म्हणजे नक्की केव्हा?’ हा प्रश्न टाळता येत नाही. मी डॉक्टरांना विचारून घेतले आणि त्यांनी कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर हलवले. मग ओळी अशा झाल्या: ‘उठल्यावर, साडेसहा: थायरॉइड’, ‘नाश्त्यानंतर, आठ: मेटफॉर्मिन’, ‘दुपारी जेवल्यावर, एक: कॅल्शियम’, ‘रात्री जेवल्यावर, साडेआठ: मेटफॉर्मिन’. प्रत्येक नावापुढे गोळीची ताकद आणि पाकिटावरचे नाव जसेच्या तसे, ठळक अक्षरांत लिहिले. चिठ्ठीतील जे अक्षर लागले नाही, ते अंदाजाने न लिहिता दवाखान्यात विचारले.

आठवड्यातून एकदाची ‘ड’ जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची कॅप्सूल रोजच्या ओळींत मुळीच घालू नये. तिच्यासाठी खाली ‘रविवार’ अशी वेगळी चौकट आणि तारखांसह खूण करण्याची जागा ठेवली, कारण रोजच्या यादीत आलेली साप्ताहिक गोळी रोज घेतली जाण्याचा धोका खरा असतो. दुखल्यासच घ्यायची गोळीही तक्त्याबाहेरच राहू द्यावी.

या पद्धतीची अडचण अशी की दिवसातून दोनदा घ्यायच्या गोळीची मात्रा बदलली की तोच बदल दोन ओळींत करावा लागतो आणि एक ओळ हमखास सुटते. म्हणून बदल झाला की मी जुना कागद फाडून नवा तारखेसह लावते. डॉक्टर किंवा औषधविक्रेत्याला दाखवण्यासाठी मात्र औषधांच्या क्रमाचीच यादी सोयीची पडते. ती मी फाइलमध्ये ठेवते, भिंतीवर लावत नाही.

तक्ता पाळला जातो आहे का, हे पाकीटच सांगते: रोज एक अशी पंधरा गोळ्यांची नवी पट्टी सोमवारी सकाळी सुरू केली, तर रविवारी रात्री तीत आठ उरायला हव्यात. नऊ उरल्या, तर आईला जाब न विचारता मी आधी तिच्याकडून त्या ओळी मोठ्याने वाचून घेते.