‘क्वालिटी लीड’ म्हणून गेलो आणि गेटवर वेंडरचा पास मिळाला

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मी नऊ वर्षं क्वालिटीत होतो. एकदा डबा खाता खाता लिंक्डइनवर मेसेज आला: ‘सर, तुमचं प्रोफाइल आवडलं. पुण्याच्या नामांकित ऑटो कंपनीसाठी क्वालिटी लीड पाहिजे. पगार चाळीस टक्के वाढून. संध्याकाळपर्यंत रेझ्युमे पाठवा.’

मी पाठवला. विचारलं फक्त दोन गोष्टींचं, पगार आणि जॉइनिंग. खानापूरचे आमचे मामा म्हणाले होते, ‘कंपनीचं नाव तरी विचार की.’ विचारलं, तर मेसेज पाठवणाऱ्या कन्सल्टंट बाई म्हणाल्या की क्लायंटचं नाव इंटरव्ह्यूच्या आधी सांगत नाही. ते मात्र खोटं नव्हतं. माणूस जॉइन झाला की कन्सल्टंटला साधारण एका महिन्याच्या पगाराएवढं कमिशन मिळतं, आणि नाव कळल्यावर आपण थेट अर्ज केला तर ते बुडतं. म्हणून नाव लपवलं एवढ्यावरून कुणाला चोर म्हणता येत नाही. माझी चूक पुढची. नाव न सांगता ज्यांची उत्तरं देता आली असती, ते प्रश्नही मी विचारले नाहीत.

इंटरव्ह्यू फोनवर वीस मिनिटांत उरकला. ऑफर लेटर आलं ते तिसऱ्याच मॅनपॉवर एजन्सीच्या लेटरहेडवर. ‘आमच्याकडं सगळ्यांचं असंच असतं सर,’ असं उत्तर मिळालं. तोवर मी इथला राजीनामा देऊन बसलो होतो.

चाकणला गेटवर पास मिळाला, त्यावर लिहिलं होतं ‘वेंडर प्रतिनिधी’. तेव्हा उलगडा झाला. ऑटो कंपनीला कास्टिंग पुरवणारा एक सप्लायर होता, त्याचा माल वरचेवर रिजेक्ट व्हायचा. तो रिजेक्ट माल गिऱ्हाइकाच्याच प्लांटमध्ये उभं राहून निवडायला त्याला माणूस पाहिजे होता. गो-नो-गो गेज बोअरमध्ये घालायचा, ‘गो’ टोक आत गेलं आणि ‘नो-गो’ अडलं तर पिवळा ठिपका, नाहीतर लाल क्रेटमध्ये. दिवसाला शेकड्यांनी. माझी ‘टीम’ म्हणजे कंत्राटी दोन पोरं, तीही आठवड्याला बदलायची. आणि ‘लीड’ असून एक क्रेट थांबवायचा अधिकार मला नव्हता. लाइन इनचार्ज म्हणाला ‘चालू दे’, की चालायचं.

गणपतीला घरी यायला पाच दिवस रजा मागितली. एजन्सी म्हणाली, सप्लायरला विचारा. सप्लायरचा मॅनेजर म्हणाला, प्लांट सोडत असेल तर जावा. प्लांटचा साहेब म्हणाला, तुम्ही आमचे माणूसच नाही, मला काय विचारताय? बेळगावकराला गणपतीला रजा नाही, यापेक्षा वाईट ते काय! मी तसाच आलो आणि पाच दिवसांचा पगार कापून घेतला. पीएफचं पासबुक उघडलं, तर तिथंही एजन्सीचंच नाव. पाच महिन्यांनी सोडलं. जुन्या जागी तोवर दुसरा माणूस बसला होता.

आता असा मेसेज आला की रेझ्युमेच्या आधी मी एवढंच लिहून पाठवतो:

‘नमस्कार. क्लायंटचं नाव नंतर सांगितलं तरी चालेल. पगार आणि पीएफ कुणाच्या नावावर, कंपनीच्या की एजन्सीच्या? रोज कुठल्या जागी बसायचं, स्वतःच्या प्लांटमध्ये की गिऱ्हाइकाच्या? पोस्ट नवी आहे की कुणी सोडून गेलंय? हाताखाली किती माणसं, त्यातली कायम किती? माझी रजा कोण मंजूर करणार, वर्षअखेरीस माझं काम कोण जोखणार, त्यांचं पद काय? खराब माल थांबवायचा निर्णय माझा की प्रॉडक्शनचा?’

रजेचा प्रश्न मुद्दाम घातलाय. ‘रिपोर्टिंग कुणाला?’ एवढंच विचारलं की ‘मॅनेजमेंटला’ असं गुळमुळीत उत्तर येतं. रजा कोण देणार म्हटलं की एका माणसाचं पद सांगावं लागतं. कुणी सोडून गेलं असेल तर तो किती दिवस टिकला, हेही विचारतो. वर्षात तिसरा माणूस शोधत असतील तर कळून येतं.

कन्सल्टंटला सगळं ठाऊक असतंच असं नाही. खरा असेल तर म्हणतो, ‘विचारून सांगतो,’ आणि दोन दिवसांनी सांगतो. गेल्या महिन्यात कागलच्या एमआयडीसीतल्या पोस्टसाठी एकीनं असंच केलं. टीम सहा जणांची, कायम दोनच, रिपोर्टिंग प्लांट हेडला, असं स्वच्छ लिहून पाठवलं. मी तेच मुद्दे ईमेलवर परत लिहून ‘बरोबर ना?’ म्हणून विचारलं आणि तिचं ‘होय’ जपून ठेवलं. ऑफर लेटर आलं की त्याच्याशी ताडून बघणार.

त्याच आठवड्यात दुसऱ्या एकाला हेच प्रश्न पाठवले होते. त्याचा फोन आला, ‘सर, एवढं सगळं लिहून कोण देतं? आधी रेझ्युमे तर पाठवा.’ म्हटलं, लिहू नका, तोंडी सांगा, पगार कुणाच्या नावावर? तो म्हणाला, नेटवर्क नाही, परत करतो. अजून केलेला नाही.