दोन सिम, एक कार्ड बदललं आणि कॉल चुकीच्या नंबरवरून गेले: काही महिन्यांच्या वापरानंतर

फोनचं बाकी कौतुक बरंच झालंय, मी फक्त सिमच्या सेटिंगबद्दल लिहितेय, कारण त्यात माझे पैसे गेले.

सिम १ हे माझ्या शिलाईच्या धंद्याचं, अनलिमिटेड पॅकचं. सिम २ हा जुना नंबर, बँकेला जोडलेला, म्हणून किमान रिचार्जवर जिवंत ठेवलेला. त्यावरून कॉल केला की सेकंदाला अडीच पैसे कापतात. सिम १ चं कार्ड खराब झालं, तेव्हा मोबाइल कंपनीच्या गॅलरीतून त्याच नंबरचं नवं कार्ड घेतलं. मधल्या वेळात फोनमध्ये एकच सिम होतं, त्यामुळे कॉल आणि मेसेज दोन्हीचं डीफॉल्ट गपचूप सिम २ वर गेलं आणि नवं कार्ड घातल्यावरही तिथेच राहिलं. कापडवाल्याशी अठरा मिनिटं बोलले, सत्तावीस रुपये गेले. गॅलरीतला मुलगा म्हणाला, "ताई, नंबर तोच आहे, काही बदलत नाही." नंबर तोच असतो हो, पण फोन सिम ओळखतो कार्डावरच्या क्रमांकावरून, आणि तो नवा असतो.

मग रागाने Settings मध्ये SIMs उघडून Calls preference ला Ask every time केलं. पहिले काही दिवस वैताग आला, नंतर मात्र बरं वाटू लागलं. कॉल लावताना खिडकी येते, त्यात 'या नंबरसाठी हेच सिम' अशी खूण करता येते. नेहमीच्या गिऱ्हाइकांना सिम १, बँकेला सिम २, असं एकेक करत लावलं, की विचारणं आपोआप कमी होतं. या एका खुणेसाठी मी या फोनला बाकी सगळं माफ करते. (कार्ड बदलल्यावर जुन्या खुणाही गेल्या होत्या, त्या परत कराव्या लागल्या.)

एक अडचण मात्र खरीच आहे. ब्लूटूथ इअरफोनवरून किंवा गाडीतून कॉल लावला, की सिम विचारणारी खिडकी फोनच्या स्क्रीनवर येऊन थांबते आणि कानात नुसती शांतता. शिवणकामात हात गुंतलेले असताना याचा फार त्रास होतो. म्हणून आता कॉलचं डीफॉल्ट सिम १ केलंय आणि बँकेच्या नंबरांवरच्या खुणा तशाच ठेवल्यात.

मेसेजचं गणित वेगळं आहे. तिथे मी 'दर वेळी विचारा' ठेवत नाही, सिम १ कायम. त्यात दिवसाला शंभर मेसेज फुकट आहेत, सिम २ वर प्रत्येक मेसेजला पैसे पडतात. फक्त बँकेच्या ॲपची नोंदणी करताना मेसेज सिम २ वरूनच जायला हवा. काही ॲप सिम विचारतात, काही नुसता लिहिलेला मेसेज उघडून देतात. अशा वेळी पाठवायच्या बटणाजवळचं सिमचं चिन्ह बघा, आणि सिम २ वर चार पैसे शिल्लक ठेवा. नाहीतर मेसेज जातच नाही आणि ॲप म्हणतं, नंबर पडताळता आला नाही.