दुधाच्या रतिबाचं बिल गूगल शीट्सवर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सव्वाशेच्या आसपास घरांची लाईन, त्यात सुटं म्हशीचं, सुटं गाईचं आणि पिशवीचं असे तीन प्रकार, आणि हिशोबाला दोन माणसं. एवढ्या पसाऱ्यासाठी गूगल शीट्समध्ये बांधलेलं हे बिलपत्रक आता पुरेसं घासून झालंय, म्हणून सविस्तर लिहितोय. आधी वापरलेल्या एका तयार ॲपमध्ये दुधाचा भाव हा ग्राहकाच्या नावासमोरचा एकच रकाना होता. तो बदलला की मागचे सगळे दिवस नव्या भावाने मोजले जायचे आणि महिन्याच्या मध्यात भाव वाढला की प्रत्येक घराशी वाद. नवीन पत्रक बांधायचं खरं कारण एवढंच.

पत्रकात पाच पानं आहेत: ग्राहक, रतीब, भाव, फरक, जमा. सहावं पान म्हणजे महिन्याचं बिल. त्यात हाताने काही लिहायचं नाही, वर ग्राहकाचा क्रमांक, दुधाचा प्रकार आणि महिना निवडायचा. रोज कुणाला किती दूध दिलं याची नोंद कुठेच करायची नाही, हा या रचनेचा मुख्य निर्णय. रतीब ठरलेला असतो, म्हणून लिहायचा तो फक्त फरक: खाडा, जादा, कमी पडलेलं. रोजच्या सव्वाशे नोंदींऐवजी आठ-दहा नोंदी होतात आणि कंटाळून नोंद राहून जाण्याचं प्रमाण खूप कमी होतं.

भावाच्या पानावर तीन रकाने: प्रकार, कधीपासून, दर. भाव बदलला की जुनी ओळ खोडायची नाही, खाली नवी लिहायची. बिलाच्या पानावर प्रत्येक तारखेसमोर त्या दिवशी लागू असलेला दर हे सूत्र आणतं (B2 मध्ये दुधाचा प्रकार, A6 पासून खाली तारखा):

```
=INDEX(SORT(FILTER('भाव'!B:C,'भाव'!A:A=$B$2,'भाव'!B:B<=A6),1,FALSE),1,2)
```

त्या तारखेपर्यंतच्या ओळी गाळायच्या, उलट्या क्रमाने लावायच्या आणि सगळ्यात वरची घ्यायची, इतकंच ते करतं. भाववाढ एक तारखेलाच होईल असं कुणी लिहून दिलेलं नसतं. २०२५ मध्ये अमूलने लिटरमागे दोन रुपयांची वाढ १ मेपासून केली, ती बिलाला सोयीची होती. मदर डेअरीने मात्र ३० एप्रिलपासून केली, म्हणजे एप्रिलचा एकच दिवस नव्या दराचा. असा एक दिवस डोक्यात ठेवून डायरीतून बिल करणारा माणूस तो हमखास विसरतो. रतिबाचं पान याच पद्धतीने चालतं: ‘कधीपासून’ आणि ‘किती’. उन्हाळ्यात कुणी एक लिटरचं दीड केलं, तर नवी ओळ येते आणि मागचे महिने जसेच्या तसे राहतात.

फरकाच्या पानावर ग्राहक, प्रकार, पासून, पर्यंत, रोजचा फरक लिटरमध्ये आणि नोंद केल्याची तारीख असे सहा रकाने आहेत. दीड लिटरवाला सहा दिवस गावी गेला, तर एकच ओळ आणि फरक -1.5. बिलात ते असं येतं:

```
=SUMIFS('फरक'!E:E,'फरक'!A:A,$B$1,'फरक'!B:B,$B$2,'फरक'!C:C,"<="&A6,'फरक'!D:D,">="&A6)
```

यात दोन खड्डे आहेत. पहिला, “आलो की सांगतो” म्हणून गेलेला ग्राहक. ‘पर्यंत’चा रकाना रिकामा ठेवला तर हे सूत्र ती ओळ मोजतच नाही आणि बंद घराचं पूर्ण महिन्याचं बिल निघतं. अशा वेळी तिथे 31-12-2099 अशी लांबची तारीख टाकायची आणि ग्राहक परतला की दुरुस्त करायची. दुसरा, एकच खाडा दोनदा लिहिला जाणं. घरातल्या बाई व्हॉट्सॲपवर कळवतात, काका लाईनवरच्या मुलाला जिन्यात सांगतात, आणि दोन ओळी पडतात. मग त्या दिवसाचं दूध उणे दीड लिटर दिसतं. सूत्राला MAX लावून ते शून्यावर आणायचा मोह होतो, पण तसं करू नये. उणे आकडा लाल रंगात दिसू द्यावा, कारण दोनदा लिहिल्याची तेवढीच खूण हाती असते. अर्ध्या लिटरचा खाडा दोनदा पडला तर मात्र आकडा उणे होत नाही. त्यासाठी पहाटेचा ताळा आहे: वाटपाची यादी याच फरकाच्या पानातून निघते, त्यामुळे यादीची बेरीज, लाईनवर चढवलेलं दूध आणि परत आलेलं दूध जुळलं पाहिजे. अर्धा लिटर कुणाला कमी पडलं, तर ते बिलाच्या दिवशी कळण्याऐवजी त्याच सकाळी कळतं.

आता एक पूर्ण बिल पाहू. आकडे समजण्यासाठी घेतलेत. ऑक्टोबर महिना, रोज दीड लिटर म्हशीचं. १ ते १० तारखेपर्यंत दर ७४, ११ पासून ७८. पाच तारखेला दूध कमी आलं म्हणून अर्धा लिटर कमी दिलं. १८ ते २३ घर बंद. २५ ला पाहुणे, एक लिटर जादा. पहिल्या दहा दिवसांचे पंधरा लिटर, त्यातून अर्धा वजा, म्हणजे साडेचौदा लिटरचे १,०७३ रुपये. पुढच्या एकवीस दिवसांचे साडेएकतीस लिटर, खाड्याचे नऊ वजा, जादा एक मिळवून साडेतेवीस, त्याचे १,८३३. एकूण ३८ लिटर, २,९०६ रुपये. हेच ३८ लिटर सरसकट ७८ ने लावले तर २,९६४ होतात, म्हणजे ५८ रुपये जास्त. दोन दरांची सरासरी ७६ धरली तर २,८८८, म्हणजे १८ रुपये कमी. रक्कम छोटी वाटते, पण ग्राहक स्वतःच्या कॅलेंडरवर खाडे लिहून ठेवतो आणि त्याचा आकडा जुळला नाही की पुढच्या प्रत्येक बिलावर तो शंका घेतो. म्हणून बिलाच्या तळाशी दोन दरांचे लिटर वेगळे छापलेले असावेत. एकूण रकमेवर होणारे निम्मे प्रश्न त्या दोन ओळींनी थांबतात.

याच ग्राहकाचं ८ तारखेचं एक लिटर दूध नासलं होतं आणि त्याने ते १२ ला सांगितलं. हे फरकाच्या पानावर -1 म्हणून लिहायचं नाही. दूध पोचलं होतं, ते लाईनवरून कमी झालं होतं; ते यादीतून वजा केलं की वर सांगितलेला ताळा बिघडतो. अशी सूट रुपयांत, जमेच्या पानावर, ‘वजावट’ या प्रकाराखाली जाते, आणि दर ८ तारखेचाच: ७४ रुपये. शेऱ्यात “८ ऑक्टो., १ लि., नासलं” एवढं लिहावं. मागची बाकी २,९१०, चार तारखेला जमा २,७००, उरले २१०. त्यात २,९०६ मिळवून ७४ वजा केले की येणे ३,०४२.

सगळ्यात जास्त त्रास मात्र पाठवून झालेल्या बिलाचा झाला. नोव्हेंबरच्या पाच तारखेला कुणी सांगतं, “अहो, २९ ऑक्टोबरला आम्ही दूध घेतलंच नव्हतं.” कुणीतरी मागची तारीख टाकून खाडा लिहितो, आणि ऑक्टोबरचं बिल आपोआप बदलतं. ग्राहकाच्या फोनमधली पीडीएफ एक सांगते, पत्रक दुसरं, आणि मागची बाकी कशाशीच जुळत नाही. सूत्रांवर चालणाऱ्या हिशोबाचा हा मूळ धोका आहे आणि तो दोन गोष्टींनी आवरतो. बिलं पाठवली की प्रत्येकाची अखेरची बाकी वेगळ्या पानावर Ctrl+Shift+V ने केवळ आकडा म्हणून चिकटवायची, आणि पुढच्या बिलाची मागची बाकी तिथूनच उचलायची. दुसरं, फरकाच्या पानावर H1 मध्ये शेवटच्या बंद महिन्याची अखेरची तारीख ठेवून ‘पासून’च्या रकान्याला C2 पासून डेटा व्हॅलिडेशन लावायचं:

```
=C2>$H$1
```

चुकीची नोंद नाकारण्याचा पर्यायही तिथेच निवडायचा. मग मागची तारीख स्वीकारलीच जात नाही आणि ती वजावट चालू महिन्यात, जुन्या दराने, रुपयांत जाते. एक उणीव आहे: दुसरीकडून कॉपी करून चिकटवलेल्या तारखेला हे व्हॅलिडेशन अडवत नाही. म्हणून खाडे टाईप करूनच लिहायचे, असा नियम दोघांनीही पाळावा लागतो.

खाडा कळवायची वेळ बिलावर छापणं गरजेचं आहे. यादी रात्री निघते, त्यामुळे आदल्या दिवशी संध्याकाळी आठपर्यंत कळवलेला खाडाच धरला जातो. सूत्र हे तपासत नाही, माणसानेच पाळायचं. उशिरा कळवूनही मुलाने दूध परत आणलं असेल तर खाडा द्यावा. दाराला पिशवी लावून झाली असेल तर नाही.

यूपीआयच्या जमेत नाव भलतंच येतं, कारण पैसे मुलगा किंवा जावई पाठवतो. शेऱ्यात ग्राहक क्रमांक लिहायला सांगितलं तरी निम्मे लोक विसरतात. तरी बारा आकडी व्यवहार क्रमांक जमेच्या पानावर लिहिला, तर एकच स्क्रीनशॉट दोनदा जमा धरला जात नाही. तो रकाना आधी मजकुराच्या फॉरमॅटमध्ये ठेवावा, नाहीतर शून्याने सुरू होणाऱ्या क्रमांकाचं पहिलं शून्य उडून जातं.

कमी कुठे पडतं तेही सांगतो. बिलाची पीडीएफ एकेक करून काढावी लागते, आणि महिनाअखेरीची संध्याकाळ त्यातच जाते. दोन प्रकारचं दूध घेणाऱ्याला दोन बिलं निघतात, त्यांची बेरीज शेवटी हाताने. मोबाईलवर बिलाचं पान उघडायला वेळ लागतो, त्यामुळे लाईनवर असताना फक्त फरकाचं पान वापरावं.

डब्यासाठी हेच पत्रक आहे तसं घेऊ नये. दुधाला दर लिटरचा असतो, मेसला बहुतेक ठिकाणी महिन्याचा. तीन हजारांच्या डब्याचा एक खाडा तीस दिवसांनी भागला तर १०० रुपये आणि रविवार सोडून सव्वीस डब्यांनी भागला तर ११५ रुपये ३८ पैसे. कशाने भागायचं, सणाची सुट्टी मेसने घेतली तर तो दिवस वजा करायचा की महिना एक दिवस पुढे न्यायचा, आणि सलग किती दिवसांच्या खाड्यापासून सूट सुरू होते, हे तीन नियम आधी ग्राहकाला लिहून द्यावे लागतात. ते ठरले की भावाच्या पानावर महिन्याच्या रकमेऐवजी एका डब्याचा दर टाकायचा, रतिबाच्या पानावर वारांचे सात रकाने वाढवायचे, आणि रतिबाचं व फरकाचं सूत्र त्या वारांप्रमाणे बदलायचं, नाहीतर खाड्यात आलेला रविवारही वजा होतो. भावाचं सूत्र तसंच चालतं.