‘फी परत’ म्हणजे नेमकी कुठली फी?

लेकीच्या अकरावीच्या क्लासचे 1,41,600 रुपये मी 2025 च्या मे महिन्यात एकरकमी भरले. एकरकमी भरले तर सूट होती, आणि “नाही जमलं तर परत मिळतात” असं लेखी आलं होतं. लेखी म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर. पुढे काय झालं ते सांगते, पण सगळं रडगाणं गात बसत नाही. ते मेसेज मी नीट वाचले ते पैसे अडकल्यावर. भरण्याआधी वाचले असते तर काय दिसलं असतं, ते मुख्यतः सांगायचं आहे. क्लासचं नाव देत नाही. नाशकातल्या नाक्यानाक्यावर असे बोर्ड आहेत.

24 मेचा मेसेज हा होता: “मॅम नो टेन्शन 🙏 बॅच सुरू झाल्यापासून 15 दिवसांत समाधान नाही झालं तर 100% फी रिफंड, 30 दिवसांत 75%. आपली पॉलिसीच आहे.” पाठवणारा काउन्सेलर पंचविशीतला, गोड बोलणारा मुलगा. मी मेसेज वाचला, नवऱ्याला दाखवला आणि 26 तारखेला पैसे पाठवले.

लेक 24 जूनला जाऊ लागली. मधे घरात लग्न होतं. “24 ला आली तर चालेल ना?” असं मी विचारलं, त्यावर “हो मॅम, झालेली लेक्चर्स भरून काढू” असं उत्तर आलं. बॅच 10 जूनलाच सुरू झाली होती. म्हणजे माझ्या मुलीने वर्गात पाऊल टाकलं त्या दिवशी त्यांच्या हिशेबाने शंभर टक्क्यांच्या मुदतीचा पंधरावा, म्हणजे शेवटचा दिवस चालू होता. मेसेजमध्ये “बॅच सुरू झाल्यापासून” असं स्वच्छ लिहिलं होतं. मीच ते “मुलगी जायला लागल्यापासून” असं वाचलं.

2 जुलैला ग्रुपवर सूचना आली की सकाळची बॅच आता दुपारी 1 ला भरेल. लेकीचं ज्युनिअर कॉलेज दुपारचंच. प्रवेश घेताना सकाळची बॅच सांगितली होती, आम्ही त्यासाठीच हा क्लास घेतला होता. शुक्रवारी, 4 जुलैला मी काउन्सेलरला लिहिलं: “मुलीला क्लास सोडावा लागणार आहे, रिफंडची प्रोसिजर काय असते?”

हा माझा दुसरा घोटाळा, आणि पहिल्यापेक्षा महाग पडलेला. माझा मावसभाऊ वकिली करतो. त्याने नंतर फोन हातात घेऊन हा मेसेज दोनदा वाचला आणि म्हणाला, “ताई, यात प्रवेश रद्द केला असं कुठे आहे? तू तर प्रश्न विचारलास.” खरंच होतं. “सोडावा लागणार आहे” हे पुढचं बोलणं झालं, आणि “प्रोसिजर काय असते” ही चौकशी. क्लासने पुढे हेच धरलं: 4 जुलैला पालकांनी फक्त माहिती विचारली, प्रवेश रद्द केला तो 12 जुलैला, फॉर्म भरून. मी इतकंच लिहायला हवं होतं: “बॅचची वेळ तुम्ही बदलल्यामुळे आज 4 जुलैपासून प्रवेश रद्द करत आहोत. भरलेले 1,41,600 रुपये परत करावेत.” तारीख, कारण, रक्कम. आणि तेच क्लासच्या अधिकृत ई-मेलवरही.

मग 4 ते 12 असे आठ दिवस कुठे गेले? त्याच संध्याकाळी उत्तर आलं: “रिक्वेस्ट फॉरवर्ड केली आहे. मॅनेजमेंट अप्रूव्हल मिळताच पॉझिटिव्हली प्रोसेस होईल.” मला हायसं वाटलं. आता वाचते तेव्हा दिसतं की या वाक्यात किती देणार ते नाही, कधी देणार ते नाही आणि कोण देणार तेही नाही. “प्रोसेस होईल” म्हणजे कागद पुढे सरकेल, आणि तो सरकून “नाही” असाही परत येऊ शकतो. “पॉझिटिव्हली” हा शब्द तर नुसता गूळ. दुसऱ्या दिवशी: “सर बाहेरगावी आहेत, आल्यावर फॉर्म भरून घेऊ.” सर आले 12 तारखेला. 10 जूनपासून मोजलं तर 4 जुलै हा पंचविसावा दिवस येतो, म्हणजे 75 टक्क्यांच्या आत. 12 जुलै हा तेहेतिसावा. सर तीन दिवस आधी परतले असते तरी मुदतीत बसलं असतं! ठरवून केलं असं मी छातीठोक म्हणू शकत नाही, पण योगायोग फार सोयीचा होता.

फॉर्मवर कारणाच्या रकान्यात आधीच छापलेलं होतं: “वैयक्तिक कारणास्तव.” मी घाईत सही केली. बॅचची वेळ त्यांनी बदलली म्हणून आम्ही सोडत होतो, ती गोष्ट एका सहीने आमच्या घरची अडचण होऊन बसली. आपण मन बदललं म्हणून सोडणं आणि कबूल केलेली सेवा मिळाली नाही म्हणून सोडणं, यात ग्राहक आयोगासमोर बराच फरक पडतो. छापील कारण खोडून खरं कारण लिहायला आणि त्या पानाचा तिथल्या तिथे फोटो काढायला एक मिनिट लागलं असतं.

आता “फी” या शब्दाकडे येते. मेसेजमध्ये 75% फी म्हटलं होतं. माझ्या डोक्यात 1,41,600 चे 75 टक्के, म्हणजे 1,06,200. अकाउंट्सवाल्यांनी तोंडी सांगितलं, “मुदतीत असतात तरी 45,000 च मिळाले असते.” कसे, ते पावतीच्या मागच्या बाजूला होतं. नोंदणी 10,000, प्रवेश 20,000, स्टडी मटेरियल आणि ऑनलाइन पोर्टल 30,000, ट्यूशन फी 60,000. झाले 1,20,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 21,600. खाली बारीक अक्षरात: “परतावा फक्त ट्यूशन फीवर.” साठ हजारांचे 75 टक्के, 45,000. पुस्तकांचे दोन खोके लेकीने उघडलेही नव्हते, पोर्टलचा पासवर्ड आला नव्हता. जीएसटीबद्दल उत्तर होतं, “तो सरकारला भरला.” तेही अर्धवटच. सेवा रद्द झाली की क्लासला क्रेडिट नोट काढून कर वळता करून घेता येतो, पण त्याला मुदत असते आणि त्यांना ती उठाठेव नको असते.

ही पावती मला पैसे भरल्यावर मिळाली, म्हणजे 24 मेच्या मेसेजनंतर. मावसभावाच्या मते आमची बाजू इथे बळकट होती. पैसे घेताना “फी” असं मोघम लिहायचं आणि नंतर त्याचा अर्थ “फक्त ट्यूशन फी” असा लावायचा, हे चालत नाही. करारातल्या शब्दाचे दोन अर्थ निघत असतील तर ज्याने तो लिहिला त्याच्या विरुद्ध जाणारा अर्थ धरायचा, असं तत्त्वच आहे. शिवाय शाळा-कॉलेजांवर ग्राहक आयोगात दाद मागता येते का यावर वाद असला, तरी कोचिंग क्लास ग्राहक कायद्याखाली येतात, हे राष्ट्रीय आयोगाने 2020 च्या एका निकालात म्हटलेलं आहे.

आणखी एक आधार होता. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी 2024 मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. विद्यार्थ्याने पूर्ण फी भरून मधेच सोडलं, तर उरलेल्या काळाची फी प्रमाणात आणि 10 दिवसांच्या आत परत करावी, असं त्यात आहे. आमचा कोर्स दहा महिन्यांचा. त्यांच्या सोयीने 10 जूनपासून मोजून पंचवीस दिवस धरले, तरी बारावा हिस्सा होतो, 11,800 रुपये. म्हणजे 1,29,800 परत यायला हवे होते. पण या सूचना राज्यांना दिलेल्या आहेत, आपोआप लागू होणारा कायदा नव्हे. काउंटरवर त्यांचं नाव घेतलं तेव्हा समोरच्या मॅडमनी “हो का?” म्हणून चहाचा घोट घेतला. लेखी पत्रात मात्र त्या आकड्यासकट लिहाव्यात, हिशेब समोर मांडला जातो.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर ऑगस्टमध्ये तक्रार केली. तिथून क्लासला विचारणा गेली आणि क्लासची भाषा एकदम बदलली. आधी आलं: “पुढच्या वर्षी किंवा धाकट्या भावंडासाठी फी ॲडजस्ट करू.” यात पैसे त्यांच्याकडेच राहतात. मी नको म्हटलं. मग “सद्भावना म्हणून” 45,000 द्यायला तयार झाले. व्हाउचरवर लिहिलं होतं: “फुल अँड फायनल, यापुढे कोणतीही मागणी राहणार नाही.” या वेळी वाचूनच पेन उचललं. ती ओळ खोडली आणि “अंशतः रक्कम मिळाली, उरलेल्या रकमेवरील हक्क राखून” असं लिहून सही केली. काउंटरवर थोडी बाचाबाची झाली, पण पैसे खात्यात आले.

उरलेल्या 84,800 साठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे, ई-जागृती पोर्टलवरून. पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेला असेल तर शुल्क लागत नाही, आणि राहत्या जिल्ह्यात दाखल करता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. चॅट काढताना मी आधी “मीडियाशिवाय” एक्सपोर्ट केलं. त्यात ब्रोशरचा फोटो आणि काउन्सेलरची व्हॉइस नोट आलीच नाही, नुसता मजकूर. “सकाळची बॅच पक्की” हे तो त्या व्हॉइस नोटमध्येच बोलला होता. पुन्हा मीडियासकट काढलं आणि सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडलं. जे फोनवर बोलणं झालं त्याचा काहीच माग नाही. तेवढ्यापुरतं फोन ठेवल्यावर “आत्ता बोलल्याप्रमाणे तुम्ही अमुक कबूल केलं” असं दोन ओळी पाठवायची सवय मला आता लागली आहे, दूधवाल्यालासुद्धा पाठवते.

गेल्या महिन्यात क्लासचा लेखी जबाब आला. त्यांनीही आमच्या चॅटची प्रिंट जोडली आहे, अकरा पानं. पहिल्या पानावरचा पहिला मेसेज 4 जुलैचा आहे: “रिफंडची प्रोसिजर काय असते?” 24 मे त्यात नाही. पुढच्या तारखेला मूळ फोन घेऊन यायला मावसभावाने सांगितलं आहे, म्हणून जुना हँडसेट बदलायचा होता तो तसाच वापरते आहे, काच तडकलेली असली तरी.