सोसायटीचे उपविधी आणि इतिवृत्तं इंग्रजीत करून घेतली: आठ महिन्यांचा अनुभव

आमची सोसायटी वरुडची, सोळा फ्लॅटची. एक सभासद वारल्यावर त्यांचा फ्लॅट टोरांटोत वाढलेल्या मुलीच्या नावावर झाला. फोनवर ती छान मराठी बोलते, पण वाचता येत नाही. म्हणून ऑक्टोबरमध्ये आम्ही बाहेरच्या एका भाषांतरकाराकडून उपविधी आणि इतिवृत्तं इंग्रजीत करून घेतली, पानाला अडीचशे रुपये देऊन. मी सचिव असल्यामुळे त्या कागदांवरचा सगळा पत्रव्यवहार माझ्याकडेच होता.

उपविधींवरचा खर्च टाळता आला असता. आमचे उपविधी म्हणजे सहकार खात्याचे २०१४ चे आदर्श उपविधी, आणि ते इंग्रजीतही छापलेले आहेत. फक्त कोऱ्या जागी आम्ही भरलेला मजकूर आणि नंतरच्या दुरुस्त्या तेवढ्या भाषांतरित करायच्या होत्या. मात्र तुमची सोसायटी जुनी असेल तर नोंदणीच्या प्रतीवरून आधी वर्ष पाहून घ्या. आवृत्ती वेगळी असली की कलमांचे क्रमांक जुळत नाहीत.

खरी अडचण इतिवृत्तांत आली. सप्टेंबरच्या वार्षिक सभेला पाच वाजता नऊच सभासद आले. गणपूर्तीला दोन तृतीयांश किंवा वीस, यांतली कमी संख्या लागते, म्हणजे आम्हाला अकरा. सभा तहकूब केली आणि नोटिशीत लिहिल्याप्रमाणे साडेपाचला पुन्हा घेतली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. त्यात गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी प्रत्येकी ६,००० रुपयांचा ठराव झाला. भाषांतरात ‘तहकूब’चं ‘कॅन्सल्ड’ झालं होतं. मुलीचा फोन आला, “काका, मीटिंग रद्द झाली म्हणता, मग त्याच संध्याकाळी पैशाचा ठराव कसा काय झाला?” तिची शंका रास्त होती. तिने वर्गणी थांबवली आणि ती मिळायला तीन आठवडे गेले. तिथे ‘अडजर्न्ड’ हवं होतं, आणि दोन्ही वेळा स्पष्ट यायला हव्या होत्या.

त्याच पानावर ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले’ याचं इंग्रजी ‘पर्मनंट करण्यात आलं’ असं होतं. आधीच्या वर्षीची रंगकामाची वर्गणी आता कायमची लागू झाली, असा तिने अर्थ घेतला. इथे फक्त ‘कन्फर्म्ड’ एवढंच हवं.

सगळ्यात महाग पडला असता तो शब्द म्हणजे ‘बिनभोगवटा शुल्क’. भाषांतरात ‘व्हेकन्सी चार्ज, मेंटेनन्सच्या दहा टक्के’ असं आलं. तिचा फ्लॅट डिसेंबरपर्यंत कुलूपबंद होता, म्हणून तिने प्रामाणिकपणे ऑक्टोबरपासून तीन महिने १५० रुपये जास्त पाठवले. दोन्ही गोष्टी चुकीच्या होत्या. हे शुल्क रिकाम्या फ्लॅटसाठी नसतं. घरच्या माणसांखेरीज कोणाला भाड्याने दिला तरच लागतं. आणि दहा टक्के ही कमाल मर्यादा सेवा शुल्कावर आहे, नगरपालिकेचा कर वगळून. आमच्या १,५०० रुपयांत सेवा शुल्क ७०० च आहे. बाकी कर, पाणी आणि दुरुस्ती व सिंकिंग फंड. म्हणजे जानेवारीत भाडेकरू आल्यावर ७० रुपये, त्याआधी काहीच नाही. ४५० रुपये तिच्या खात्यावर वळते केले. खरं तर ‘नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस’ हा इंग्रजीतला रूढ शब्दही असाच फसवतो, त्यामुळे आम्ही आता त्याच्याखाली एक ओळीचा खुलासा देतो.

फेब्रुवारीपासून गावातले निवृत्त इंग्रजीचे सर भाषांतर करतात. मी चाळीसेक शब्दांची यादी दिली आहे: तहकूब, कायम, सूचक, अनुमोदक, सहयोगी सभासद, ऐनवेळचे विषय. ‘नोंद घेण्यात आली’ आणि ‘मंजूर’ यांतला फरकही त्यात लिहिला आहे, कारण पहिल्यात होकार नसतो. मी मराठी मोठ्याने वाचतो, सर इंग्रजीवर बोट ठेवून तपासतात. दोन पानांना तासभर लागतो, पण चूक तिथेच सापडते. तारखेत महिना अक्षरांत लिहितो, नाहीतर ०५/०९ म्हणजे तिकडे ९ मे वाचला जाऊ शकतो. मूळ पानाचा फोटो जोडायचा तर आकडे इंग्रजीतही वेगळे लिहून देतो, कारण देवनागरी १ तिला नऊसारखा दिसला होता. प्रत्येक पानावर ‘मूळ मराठी मजकूर ग्राह्य’ ही ओळ असते.

एक गोष्ट मात्र भाषांतराने सुटत नाही. ‘टाकी साफ करण्याचे ठरले’ असं आम्ही लिहायचो. इंग्रजी करताना सर विचारत, “कोणी करायची? कधीपर्यंत?” त्याचं उत्तर इतिवृत्तात नसायचंच. एप्रिलच्या सभेपासून मी मराठीतच नाव आणि तारीख लिहितो: टाकी खजिनदारांनी १५ मेपूर्वी साफ करून घ्यावी. यंदा ती १२ तारखेला झाली.