येणार की नाही? शिबिराचं कन्फर्मेशन एसएमएसवर घ्यायचं, व्हॉट्सअ‍ॅपवर की ईमेलवर

गोव्यात फोंड्याला आमचं एक दिवसाचं लेखन शिबिर असतं, रविवारी, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी पाच, मध्ये जेवण. नावं नोंदवणाऱ्यांत सत्तरी तालुक्यातल्या रिटायर्ड बाई-मास्तर असतात, पणजी-म्हापशाची कॉलेजची पोरं असतात, वेर्ण्याच्या कंपन्यांत नोकरी करणारे असतात आणि शाळांतले आत्ताचे शिक्षक असतात. जेवणवाल्याला शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत आकडा द्यावा लागतो, किती ताटं आणि त्यात मासे किती, शाकाहारी किती. त्यामुळे कन्फर्मेशन म्हणजे आमच्यासाठी सरळसरळ जेवणाचा आकडा आहे.

पहिल्या वर्षी सगळ्यांना एकाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घातलं आणि "येणाऱ्यांनी कळवावे" असं टाकलं. त्याखाली अंगठे आले, नमस्काराचे हात आले, कुणी फुलं टाकली. आम्ही अंगठे मोजून आकडा दिला आणि बरीच ताटं उरली, कारण अर्ध्या लोकांनी अंगठा "वाचलं" म्हणून दिला होता, "येतो" म्हणून नाही. उलट केरीच्या एक आजी, ज्यांचं काहीच उत्तर आलं नव्हतं म्हणून आम्ही धरल्याच नव्हत्या, त्या सकाळची पहिली बस पकडून सगळ्यांच्या आधी हजर. त्यांचं व्हॉट्सअ‍ॅप होतं नातवाच्या फोनवर आणि नातू असतो मडगावला हॉस्टेलवर. आजींच्या हातात बटणांचा साधा फोन. त्या दिवसापासून मी तिन्ही मार्ग वेगवेगळ्या लोकांसाठी वेगवेगळे वापरते, आणि कुणासाठी कुठला हे ठरवताना वय बघते पण त्याहून जास्त सवय बघते.

आधी एसएमएस. ह्याचा मोठा फायदा म्हणजे इंटरनेट लागत नाही. सत्तरीत, सांगेच्या आतल्या गावांत डेटा धड चालत नाही, पावसात वीज गेली की आणखीनच, पण फोनला एक काडी रेंज मिळाली की अडकलेला एसएमएस येतो. साध्या फोनवरही येतो. अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली लांबीची. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत मात्र ७०च, आणि मेसेज त्याहून लांब झाला तर त्याचे तुकडे पडतात, प्रत्येकी ६७ अक्षरांचे. त्यात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. "फोंडा" आपल्याला दोन अक्षरं दिसतात, फोन पाच मोजतो. "कार्यशाळा" नऊ.

हे मला दुसऱ्या वर्षी कळलं, तेही नुकसान होऊन. माझ्या सिमच्या पॅकमध्ये दिवसाला १०० एसएमएस असतात. बावीस जणांना मी छान सविस्तर मेसेज लिहिला, पत्ता, वेळ, वही-पेन आणा, जेवणाचं सांगा, असा सव्वातीनशे अक्षरांचा. त्याचे पाच तुकडे, म्हणजे बावीस पंचे एकशे दहा. वीस जणांना गेला आणि शंभर संपले, शेवटचे दोघे राहिले, आणि मला ते संध्याकाळी समजलं. आता मेसेज असा असतो:

"उद्या रवि. ९.३० फोंडा शिबिर. येणार तर १, नाही तर २ पाठवा."

मोजून ५७. एका तुकड्यात बसतो, बावीस जणांना बावीसच जातात. जेवणाचं त्यात विचारत नाही. एका मेसेजमध्ये दोन प्रश्न विचारले की वयस्कर माणसं एकाचंच उत्तर देतात आणि ते कुठल्या प्रश्नाचं ते आपल्याला कळत नाही, "हो मासे" असं आलं तर ठीक, पण "हो" एवढंच आलं तर काय समजणार.

दुसरी अडचण उत्तराची. खूप जणांना एसएमएस वाचता येतो पण पाठवता येत नाही, किंवा पाठवायला पैसे कापले जातील अशी भीती असते. म्हणून त्यांना नोंदणीच्या वेळीच तोंडी सांगून ठेवते की काका, मेसेज आला आणि येणार असाल तर माझ्या नंबरवर फक्त मिस कॉल द्या. हे त्यांना पटकन जमतं, वर्षानुवर्षांची सवय आहे. फक्त मिस कॉल "येणार"साठीच ठेवायचा, "नाही"साठी दुसरं काही ठरवायला गेलात तर गोंधळ होतो. आणि लक्षात ठेवा, रिचार्जची मुदत संपलेली असेल तर मिस कॉलही लागत नाही, तेव्हा शांतता म्हणजे नकार असं धरू नका.

कंपनीकडून एकगठ्ठा एसएमएस पाठवायचा विचार असेल तर आपल्यासारख्या छोट्या कार्यक्रमाला मी नको म्हणेन. त्यासाठी डीएलटी म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणीच्या पोर्टलवर संस्थेची नोंदणी, पाठवणाऱ्याचं नाव, मेसेजचा मजकूर सगळं आधी मंजूर करून घ्यावं लागतं, आणि एवढं करून तो मेसेज अक्षरी नावाने येतो ज्याला उलट उत्तर पाठवताच येत नाही. आपल्याला तर उत्तरच हवंय.

आता व्हॉट्सअ‍ॅप. विद्यार्थी आणि चाळिशी-पन्नाशीपर्यंतचे बहुतेक लोक इथेच सापडतात, ह्यात वाद नाही. पण ग्रुप, ब्रॉडकास्ट आणि एकेकाला वेगळा मेसेज ह्या तिघांत खूप फरक आहे. ग्रुपवर पोल टाकला तर कुणी काय निवडलं ते नावासकट दिसतं, म्हणून अंगठ्यांपेक्षा कितीतरी बरं, आणि जेवणाचं विचारायला पोल सगळ्यात सोपा, "येणार, मासे", "येणार, शाकाहारी", "येणार नाही" असे तीनच पर्याय. पण पोरं ग्रुप म्यूट करून आर्काइव्हमध्ये टाकतात, त्यांना पोल दिसतच नाही. शिवाय मत नंतर बदलता येतं, त्यामुळे शुक्रवारी बघितलेला आकडा शनिवारी परत बघायलाच हवा.

ब्रॉडकास्ट दिसायला छान, एकदा लिहिलं की प्रत्येकाला आपल्यालाच पाठवल्यासारखं जातं. पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना ते पोचतच नाही, आणि फोन तुम्हाला तसं सांगतही नाही. ओळखायचं कसं? ब्रॉडकास्टमधल्या मेसेजवर दाबून धरा, माहिती उघडा, कुणाला पोचला ती यादी दिसते. जे नाव त्यात नाही त्याला वेगळा मेसेज करा. तिथे लगेच दोन टिका आल्या तर फोन चालू आहे, त्यांनी नंबर सेव्ह केलेला नाही एवढंच. तिथेही एकच टिक राहिली तर फोन बंद किंवा नेट नाही, आणि अशा माणसाला सरळ फोन करायचा. निळ्या टिकांवर मी भरवसा ठेवत नाही, खूप जणांनी त्या बंद केलेल्या असतात.

वयस्कर पण व्हॉट्सअ‍ॅपवर असलेले लोक हा वेगळाच गट आहे. त्यांच्याकडे सकाळी सुप्रभातची पन्नास चित्रं येतात, त्यात आपला मेसेज बुडतो. आपण सुंदर निमंत्रणाचं चित्र पाठवलं तर ते चित्र बघून हात जोडतात आणि खालचा मजकूर वाचत नाहीत. ह्यांना मी चित्र पाठवत नाही, वीस सेकंदांचा आवाजातला मेसेज पाठवते, "बाई, रविवारी येताय ना, मासे की शाकाहारी तेवढं बोलून पाठवा". त्या बोलूनच उत्तर देतात, आणि टाइप करायला लावण्यापेक्षा लवकर देतात.

ईमेल माझ्या यादीत सगळ्यात कमी लोकांना जातो पण त्यांच्यासाठी दुसरं काही चालत नाही. शाळेतल्या शिक्षकाला शाळेत द्यायला संस्थेच्या कागदावरचं पत्र लागतं, ते पीडीएफ करून ईमेलवरच पाठवायचं. कंपनीत आत फोन नेता येत नाही अशा ठिकाणी काम करणारे दिवसभर ऑफिसचा ईमेल बघतात, व्हॉट्सअ‍ॅप रात्री. ह्यांना कॅलेंडरचं निमंत्रण पाठवते, त्यात हो-नाही-कदाचितची बटणं असतात आणि आकडा आपोआप जमतो. पाठवताना पाहुण्यांना एकमेकांची यादी दिसण्याची खूण काढून टाका, नाहीतर सगळ्यांचे पत्ते सगळ्यांकडे जातात. "कदाचित" म्हणणाऱ्याला शनिवारी विचारायचंच. आणि हाताने भरलेल्या फॉर्मवरचा पत्ता टाइप करताना चूक होते, मी एकदा gamil.com केलं होतं. तसं झालं तर बरेचदा न पोचल्याचा ईमेल परत येतो, म्हणून पाठवल्यावर इनबॉक्स थोड्या वेळाने बघायचा. विद्यार्थ्यांना ईमेल पाठवू नका. पत्ता देतात, उघडत नाहीत.

मागच्या वेळेचा हिशोब सांगते. चौऱ्याहत्तर नावं. बावीस एसएमएसवर, एकेचाळीस व्हॉट्सअ‍ॅपवर, अकरा ईमेलवर. ईमेल बुधवारी, कारण शिक्षकांना पत्र आधी लागतं, व्हॉट्सअ‍ॅप गुरुवारी, एसएमएस शनिवारी सकाळी सात वाजता. एसएमएस आधी पाठवला तर मंडळी वाचून विसरतात, आणि "उद्या" हा शब्द तारखेपेक्षा चांगला कळतो. शनिवारी अकरापर्यंत एसएमएसवाल्यांची पंधरा उत्तरं आली, त्यातले नऊ मिस कॉल. व्हॉट्सअ‍ॅपची तेहतीस, ईमेलची नऊ. म्हणजे सत्तावन्न, त्यात येणारे एकावन्न. उरलेल्या सतरांना आम्ही दोघींनी फोन केले, तासाभराचं काम, त्यात अकरा हो, चार नाही, दोघांनी उचलला नाही. ज्यांचं जेवणाचं कळलं नव्हतं त्यांनाही लगेहाथ विचारून घेतलं. एकूण बासष्ट झाले. जेवणवाल्याला त्रेसष्ट सांगितले, न उचललेल्या दोघांपैकी एक येईल असं धरून. आले एकसष्ट.

तुम्ही आता ठरवत असाल तर माझा सल्ला एवढाच की नोंदणीच्या फॉर्मवर वयाच्या रकान्याखाली एक प्रश्न घाला: "आम्ही विचारलं तर उत्तर कसं द्याल?" आणि चार चौकोन, मिस कॉल, एसएमएस, व्हॉट्सअ‍ॅप, ईमेल. "तुमच्याकडे व्हॉट्सअ‍ॅप आहे का" असं विचारू नका, त्याला सगळेच हो म्हणतात, आमच्या केरीच्या आजींनीही म्हटलं होतं. आणि शेजारी अजून एक ओळ ठेवा, "हा फोन कुणाजवळ असतो?" आजींच्या पुढे आता मिस कॉल लिहिलेलं आहे, आणि मागच्या वेळी बावीसांत पहिला मिस कॉल त्यांचाच होता, सकाळी सात वाजून चार मिनिटांनी.