रिपरिप, रिमझिम, सर, वळीव: इंग्रजीत कोणता पाऊस पाडायचा?

भुरभुर, रिमझिम आणि रिपरिप हे तिन्ही शब्द इंग्रजीत नेताना बहुतेक जण 'ड्रिझल' लिहून मोकळे होतात. सर आणि वळीव या दोघांना 'शॉवर'मध्ये बसवतात. वाक्य चुकत नाही, पण मराठी वाचकाला जो पाऊस दिसला तो इंग्रजी वाचकाला दिसत नाही. कारण या दोन भाषा पाऊस वेगवेगळ्या निकषांवर विभागतात. इंग्रजीतले हवामानाचे शब्द थेंबाचा आकार आणि ढगाचा प्रकार यांवर बेतलेले आहेत. मराठी शब्द मात्र कानाला काय ऐकू येतं, पाऊस किती वेळ चिकटून बसतो आणि तो वर्षातल्या कोणत्या दिवसांत येतो, यांवर उभे आहेत.

आधी बारीक पावसाचं पाहू, कारण सगळ्यात जास्त गफलत तिथेच होते.

हवामानशास्त्रात ड्रिझल म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून लहान व्यासाच्या, दाटीने पडणाऱ्या थेंबांचा पाऊस. तो खाली उतरलेल्या, थर धरलेल्या ढगांतून पडतो. थेंब इतके हलके की ते पडण्याऐवजी हवेत तरंगल्यासारखे दिसतात. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे साचलेलं पाणी: ड्रिझल पडताना डबक्यात वर्तुळं उठताना दिसत नाहीत. वर्तुळं स्पष्ट दिसत असतील तर तो 'लाइट रेन', मग कितीही हलका असो.

ही खूण लावली की मराठी शब्द आपोआप वेगळे होतात. भुरभुर म्हणजे पीठ किंवा साखर भुरभुरावी तसा पाऊस. त्याला आवाज नसतो, केसांवर आणि कपड्यांवर तो बारीक कण होऊन बसतो. घाटात ढग रस्त्यावर उतरतो तेव्हाचा पाऊस हाच. याला 'ड्रिझल' तंतोतंत लागू पडतो. धुकं आणि पाऊस एकमेकांत मिसळलेले असतील तर ब्रिटिश इंग्रजीतला 'मिझल' आणखी जवळचा, पण तो शब्द सगळ्या वाचकांना ठाऊक नसतो. बातमीत किंवा पाठ्यपुस्तकात तो टाळलेला बरा.

रिमझिम आणि रिपरिप हे दोन्ही ध्वनीतून आलेले शब्द आहेत. ऐकू येतो म्हणजे थेंब पत्र्यावर, पानांवर वाजण्याइतके मोठे आहेत. म्हणजे मापाच्या हिशेबाने दोन्ही 'लाइट रेन'मध्ये जातात. पण इथेच मापावर थांबलं तर फसगत होते, कारण या दोघांत फरक आहे तो मापाचा नाही, मनःस्थितीचा आहे. रिमझिम हवीहवीशी असते. रिपरिपीला माणूस वैतागलेला असतो: कपडे वाळत नाहीत, चिखल हटत नाही, बाहेर पडावं की नाही कळत नाही. पिरपिर तर त्याहून वाईट, कारण तोच शब्द आपण किरकिरणाऱ्या मुलासाठीही वापरतो.

आता इंग्रजीकडे बघा. 'ड्रिझल' या शब्दाला रोजच्या वापरात करड्या, कंटाळवाण्या दिवसाची छटा आहे. म्हणून ललित लेखनात थोडा उलटा निर्णय घ्यावा लागतो. रिपरिपीचे थेंब ड्रिझलपेक्षा मोठे असले तरी 'अ डल, पर्सिस्टंट ड्रिझल' तिला चपखल बसतं. रिमझिमीला मात्र 'ड्रिझल' लावला की ती उदास होते. तिथे 'जेंटल रेन' किंवा 'सॉफ्ट रेन' घ्यावं, आणि आवाजाला महत्त्व असेल तर 'पॅटर' हे नाम आणावं. हवामानाच्या नोंदीत किंवा शेतीविषयक मजकुरात छटेपेक्षा माप महत्त्वाचं, तिथे दोन्हींना 'लाइट रेन' पुरेसं आहे.

पाऊस यायच्या आधी चारदोन थेंब पडतात, त्या शिंतोड्यांसाठी ब्रिटिश वाचकांना 'स्पिटिंग' आणि अमेरिकन वाचकांना 'स्प्रिंकल' चालतो. वाचक कुठला हे माहीत नसेल तर 'अ फ्यू ड्रॉप्स' लिहावं.

सरीचं प्रकरण सोपं वाटतं, आणि बऱ्याच अंशी आहेही. 'शॉवर' म्हणजे अचानक सुरू होऊन अचानक थांबणारा, जोर भराभर बदलणारा पाऊस. तो उभ्या वाढलेल्या ढगांतून पडतो. सरीचं वर्णन याहून वेगळं करता येणार नाही. दोन्ही शब्द मोजता येतात: एक सर, दोन सरी, वन शॉवर, टू शॉवर्स. श्रावणातली ऊनपावसाची सर असेल तर 'सनशॉवर', आणि नुसतीच येऊन गेलेली असेल तर 'पासिंग शॉवर'. अडचण येते ती क्रियापदाशी. मराठीत सर 'येते', इंग्रजीत 'शॉवर केम' फार मिळमिळीत वाटतं. 'अ शॉवर स्वेप्ट इन' किंवा 'पास्ड ओव्हर' असं लिहिलं की सरीचा वेग त्यात येतो. 'सरींवर सरी'ला 'शॉवर आफ्टर शॉवर' जसंच्या तसं चालतं.

सर लांबली की तिला 'शॉवर' म्हणता येत नाही. अर्धा-पाऊण तास धरून राहिलेला, मग सुटलेला पाऊस असेल तर 'स्पेल' हा शब्द कामाचा आहे. मुंबईच्या अंदाजात 'इंटेन्स स्पेल्स' असं वाचायला मिळतं ते याच कारणाने. त्याच्याही पुढे झड. विदर्भात झड लागली म्हणजे दोन-तीन दिवस पाऊस हटत नाही, सूर्य दिसत नाही. इंग्रजीत यासाठी एक शब्द नाही. 'डेज ऑफ अनब्रोकन रेन' असा वाक्प्रयोग करावा लागतो, आणि तो करायला संकोच नसावा. संततधारेला 'इन्सेसंट रेन' रूढ आहे आणि योग्यही आहे. फक्त संततधार एका दिवसाचीही असू शकते, झडीची मुदत मोठी.

वळीव हा केवळ जोराचा शॉवर नव्हे. मार्च ते मे या काळात दुपारभर तापल्यावर ढग चढतात, वारा सुटतो, विजा चमकतात, टपोरे थेंब आणि कधी गारा पडतात, आणि तासाभरात आभाळ मोकळं होतं. विजांमुळे 'शॉवर'पेक्षा 'थंडरशॉवर' अचूक. भारतीय वाचकांसाठी 'प्री-मान्सून थंडरशॉवर' लिहिलं की अर्थ पुरा होतो. परदेशी वाचकांसाठी 'समर थंडरशॉवर' लिहिण्याचा मोह होतो, तो आवरावा, कारण युरोपातल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे जुलै-ऑगस्ट उभा राहतो. 'अॅन एप्रिल थंडरशॉवर' असं महिन्याचं नाव घातलं की प्रश्न मिटतो.

वळीव आणि अवकाळी यांची सरमिसळ तर बातम्यांत नेहमीच दिसते. वळीव आपल्या काळात येतो, त्याची वाट पाहिली जाते. अवकाळी म्हणजे ज्या दिवसांत नको त्या दिवसांत आलेला, द्राक्षं, हरभरा, गहू काढणीला आलेले असताना पडलेला. तो 'अनसीझनल रेन'. सगळ्याच वळवाला 'अनसीझनल' म्हटलं तर जो पाऊस दरवर्षी अपेक्षित असतो तोच आपत्ती ठरतो. आणि ऑक्टोबरातला परतीचा पाऊस वेगळाच: त्याला 'विथड्रॉअल' किंवा 'रिट्रीटिंग मान्सून रेन' म्हणावं. 'नॉर्थईस्ट मान्सून' लिहू नये, तो मुख्यतः तामिळनाडू आणि आसपासच्या किनाऱ्यावर पडतो.

आकड्यांशी गाठ पडते तेव्हा आणखी एक खड्डा आहे. भारतीय हवामान विभाग दिवसभराच्या पावसाची वर्गवारी २४ तासांच्या बेरजेवर करतो. २.५ ते १५.५ मिलिमीटर म्हणजे 'लाइट', १५.६ ते ६४.४ म्हणजे 'मॉडरेट', ६४.५ पासून 'हेवी', ११५.६ पासून 'व्हेरी हेवी' आणि २०४.४ च्या वर 'एक्स्ट्रीमली हेवी'. आता एखादा वळीव १५ मिनिटांत १४ मिलिमीटर पडला असं समजा. तासाच्या हिशेबाने हा ५६ मिलिमीटरचा वेग, रस्त्यावर समोरचं दिसत नाही असा. पण दिवसात एवढाच पाऊस पडला असेल तर तक्त्यात तो 'लाइट'. दुसरीकडे २० तास तासाला अर्धा मिलिमीटर रिपरिप चालली तर बेरीज १० मिलिमीटर, तीही 'लाइट'. एकाच रकान्यात दोन अगदी वेगळे पाऊस. म्हणून मराठी मजकुरात वळीव असेल आणि सोबतचा आकडा 'लाइट' सांगत असेल, तर शब्द आकड्याप्रमाणे बदलू नये. पडण्याचा जोर आणि दिवसाची बेरीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उलट 'अतिवृष्टी'त शब्दापेक्षा व्याख्या पाळावी लागते. महाराष्ट्रात नुकसानभरपाईच्या संदर्भात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी मानतात. 'अति' आहे म्हणून 'एक्स्ट्रीमली हेवी' लिहिलं तर वाचक २०४ मिलिमीटरच्या वरचा पाऊस समजतो. ही उडी तिपटीहून मोठी आहे. इथे 'हेवी रेन' लिहून आकडा शेजारी ठेवावा. 'ढगफुटी'बाबतही तसंच: 'क्लाउडबर्स्ट'साठी विभागाचा निकष लहान क्षेत्रात एका तासात १०० मिलिमीटरचा आहे. नुसत्या धो धो पावसाला 'टॉरेन्शल रेन' पुरे.

हे सगळं एका उताऱ्यावर लावून बघू. 'पहाटेपासून रिपरिप लागली होती. अकराच्या सुमारास एक जोराची सर आली आणि अंगण धुऊन गेली. दुपारी जरा उघडीप मिळाली, पण दिवेलागणीला पुन्हा भुरभुर.'

पहिल्या वाक्यात 'इट हॅड बीन रेनिंग लाइटली' लिहिलं तर माहिती पोचते, वैताग पोचत नाही. 'अ डल ड्रिझल हॅड सेट इन बिफोर डॉन' यातलं 'सेट इन' हे 'लागली'चं काम करतं. दुसऱ्यात 'अ हेवी शॉवर स्वेप्ट थ्रू'. तिसऱ्या पावसापाशी मात्र अडतं: भुरभुरीलाही 'ड्रिझल'च हवा, आणि तो आपण रिपरिपीवर खर्च केला आहे. एकाच परिच्छेदात दोन वेगळ्या शब्दांना एक प्रतिशब्द दिला तर लेखकाने केलेला भेद पुसला जातो. म्हणून संध्याकाळी 'अ फाइन मिस्टी रेन' घ्यावा, म्हणजे पहाटेचा चिकट पाऊस आणि संध्याकाळचा निःशब्द पाऊस वेगळे राहतात.

राहिली उघडीप. 'इट क्लिअर्ड' लिहिलं की आभाळ स्वच्छ झालं असा अर्थ होतो, आणि उघडीप तर ढगांखालीही मिळते. 'द रेन लेट अप फॉर अ व्हाइल' इतकंच म्हणावं. हीच उघडीप जुलैत आठ-दहा दिवस लांबली तर ती 'ड्राय स्पेल' होते. 'ब्रेक इन द मान्सून' हा शास्त्रीय शब्द मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याकडे सरकतो त्या स्थितीसाठी राखून ठेवलेला आहे, गावातल्या दुपारच्या उघडिपीला तो लावू नये.